इंटरॅक्शन पिक्चरमध्ये उत्तर चुकतंय? आधी V शून्य करून बघा

जळगावात एम.एस्सी. फिजिक्सच्या पोरांची ट्यूटोरियल घेतो. चोपडा, शिरपूर, शहादा, कुठून कुठून एसटीने येतात, आणि दर उन्हाळ्यात कूलरसमोर बसून तीच वही माझ्यापुढे सरकवतात. गणित वेगळं असतं, बिघाड तोच. म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

लक्षणं ही अशी:

- प्रॉबॅबिलिटी १ च्या वर जाते. मागच्या वर्षी शिरपूरचा एक जण म्हणाला, "सर, अडीच आली." शेजारच्याने लगेच विचारलं, "काय व्हयनं भो, पावसाळी सेल लागला का?"
- प्रॉबॅबिलिटी १ च्या आत राहते, गोळाबेरीजही बरोबर येते, पण माहीत असलेल्या सूत्राशी आकडा जुळत नाही. ०.५० यायला हवं तिथे ०.७१.
- कुणी ढकललेलंच नसताना स्टेट हलते.
- जी राशी कोट्यवधी वेळा हेलकावायला हवी ती कागदावर ढिम्म उभी राहते.
- प्रोग्रॅमची स्टेप लहान करत गेलं की उत्तर दर वेळी बदलतं.

यातलं तुमचं लक्षण कोणतंही असो, तपासण्या खालच्या क्रमानेच करा. पहिल्या दोन फुकटच्या आहेत, आणि निम्म्या वह्या तिथेच दुरुस्त होतात.

सगळीकडे एकच उदाहरण घेतो, म्हणजे आकडे डोळ्यांसमोर राहतील. ९.४ टेस्लाच्या चुंबकात प्रोटॉन ठेवला आहे. त्याच्या दोन पातळ्या आहेत, खालची g आणि वरची e, आणि त्यांच्यातलं अंतर ४०० मेगाहर्ट्झचं. त्यावर रेडिओ लहरीचा पल्स मारतो. पल्सचा जोर, म्हणजे रॅबी फ्रीक्वेन्सी, २५ किलोहर्ट्झ. एनएमआरच्या लॅबमध्ये असे आकडे रोजचेच.

```
H  = H0 + V
H0 = (ħω0/2) σz
V  = ħΩ cos(ωt) σx

|ψI(t)⟩ = exp(+iH0t/ħ) |ψS(t)⟩
VI(t)   = exp(+iH0t/ħ) V exp(−iH0t/ħ)
iħ d|ψI⟩/dt = VI(t) |ψI⟩
```

H0 हा आपल्याला पूर्ण सुटलेला भाग, V ही वरून दिलेली ढकल. असं फोडून मिळतं काय? १० मायक्रोसेकंदांच्या पल्समध्ये प्रोटॉन H0 मुळे ४,००० गिरक्या घेतो आणि V मुळे जेमतेम पाव फेरी वळतो. आपल्याला हवी असते ती पाव फेरी. श्रोडिंगर पिक्चरमध्ये ती शोधायला चार हजार गिरक्यांमागे धावावं लागतं. इंटरॅक्शन पिक्चरमध्ये गिरक्यांचा हिशोब H0 च्या एक्स्पोनेन्शियलने आधीच चुकता केलेला असतो, समीकरणात उरतो फक्त VI.

सारंगखेड्याच्या यात्रेत गोल फिरणाऱ्या लाकडी घोड्यावर बसून बघा. शेजारच्या घोड्यावरचा मित्र शेंगदाणे पुढे करतो. खाली उभ्या माणसाला त्याच्या हाताची वाट सांगायची म्हटली तर केवढी वेटोळी सांगावी लागेल. तुम्हाला दिसतं ते एवढंच, की हात वीतभर पुढे आला. मात्र बसायचं तर दोघांनीही फिरत्या घोड्यावर बसायचं, आणि बाहेरच्या जगाशी बोलायचं तर उतरून बोलायचं. पुढच्या तपासण्यांमधल्या बऱ्याचशा चुका या दोन ठिकाणच्याच आहेत.

पहिली तपासणी: V = 0 ठेवा

वेळ एक मिनिट. V शून्य केल्यावर ψI जागची हलता कामा नये, कारण समीकरणाची उजवी बाजूच शून्य होते. हलली, तर H0 कुठेतरी शिल्लक राहिला आहे.

हे बहुतेक वेळा असं होतं. पोरगी स्टेटला एक्स्पोनेन्शियल लावते, डेरिव्हेटिव्ह घेते, आणि उजवीकडे पूर्ण H तसाच ठेवते. डेरिव्हेटिव्ह घेताना त्या एक्स्पोनेन्शियलमधून −H0 बाहेर येतो आणि H मधला +H0 खाऊन टाकतो. ती एक ओळ गाळली, की H0 दोनदा मोजला जातो: एकदा फेजमध्ये, एकदा समीकरणात. प्रोग्रॅममध्ये ही चूक असेल तर पाचवं लक्षण दिसतं. समीकरणात ४०० मेगाहर्ट्झ उरलेलेच असल्यामुळे स्टेप कितीही लहान केली तरी समाधान होत नाही.

याला जोडून आणखी एक बघा. t = 0 ला VI आणि V तंतोतंत सारखे हवेत, आणि VI चे कर्णावरचे घटक V च्या कर्णावरच्या घटकांसारखेच हवेत. ते बदलले असतील तर एक्स्पोनेन्शियल एकाच बाजूने लावला आहे. तो दोन्ही बाजूंनी लागतो.

दुसरी तपासणी: 2π

ही लिहायला लाज वाटते, पण लिहितो. २५ किलोहर्ट्झ म्हणजे Ω = 25000 नव्हे, Ω = 2π × 25000, साधारण 1.571 × 10⁵ रेडियन प्रति सेकंद. १० मायक्रोसेकंदांनंतर रेझोनन्सवर e मध्ये असण्याची प्रॉबॅबिलिटी sin²(Ωt/2) = ०.५ येते. 2π विसरलात तर ०.०१६ येईल आणि तुम्ही तासभर पल्सला दोष देत बसाल.

तिसरी तपासणी: घोड्यावरून उतरलात का?

चौथ्या लक्षणाचं मूळ इथे आहे. ९० अंशांचा पल्स दिल्यावर कॉइलमध्ये ४०० मेगाहर्ट्झचा सिग्नल मिळतो. एनएमआर चालतं ते त्यावरच. शहाद्याच्या एका विद्यार्थिनीने मोठ्या कष्टाने ψI काढली, ⟨ψI|σx|ψI⟩ मोजलं आणि उत्तर आलं स्थिर. "सर, सिग्नलच नाहीये." ψI बरोबर होती. σx मात्र जमिनीवरच उभा होता.

स्टेट फिरवली तर ऑपरेटरही फिरवायचा: σx च्या जागी exp(+iH0t/ħ) σx exp(−iH0t/ħ). किंवा शेवटी exp(−iH0t/ħ) लावून ψS मध्ये परत यायचं आणि साधा σx वापरायचा. दोन्हींचं उत्तर एकच. तिने दुसरा मार्ग धरला, आणि गेलेले ४०० मेगाहर्ट्झ एका ओळीत परत आले.

ही चूक इतके दिवस लपून का राहते? कारण g किंवा e मधली प्रॉबॅबिलिटी काढताना ती दिसतच नाही. H0 च्या स्वतःच्या पातळ्यांवर एक्स्पोनेन्शियल फक्त फेज लावतो, आणि वर्ग घेतला की फेज गळून जाते. परीक्षेत बहुतेक वेळा प्रॉबॅबिलिटीच विचारतात, म्हणून ही सवय पेपर पास होईपर्यंत कुणाला खटकत नाही.

चौथी तपासणी: फेजचं चिन्ह

m ओळ आणि n स्तंभाच्या घटकाला exp(+i(Em − En)t/ħ) लागतो. चिन्ह उलटं झालं तर?

गंमत अशी की आपल्या उदाहरणात, cos(ωt) ची ढकल आणि सुरुवात g पासून असेल, तर प्रॉबॅबिलिटी अजिबात बदलत नाही. cos मध्ये पुढे फिरणारा आणि मागे फिरणारा असे दोन्ही भाग असतात. चिन्ह चुकलं की त्यांची अदलाबदल होते आणि उत्तर बचावतं. म्हणून "माझं उत्तर पुस्तकाशी जुळलं" हा चिन्ह बरोबर असल्याचा पुरावा नाही. ढकल एकाच दिशेने फिरणारी घेऊन बघा:

```
V = (ħΩ/2) ( σ+ exp(−iωt) + σ− exp(+iωt) )
```

चिन्ह बरोबर असेल तर ω = ω0 ला VI मधली वेळ निघून जाते आणि प्रॉबॅबिलिटी ठरल्या वेळी १ ला पोचते. चुकीचं असेल तर VI ८०० मेगाहर्ट्झने फडफडत राहतो आणि प्रोटॉन g मध्येच बसून राहतो. हे दोन मिनिटांत कळतं.

cos वापरताना तो ८०० मेगाहर्ट्झचा भाग आपण सोडून देतो, त्याला रोटेटिंग वेव्ह अ‍ॅप्रॉक्सिमेशन म्हणतात. न सोडता प्रोग्रॅम चालवलात तर H0 काढूनही स्टेप लहानच ठेवावी लागेल, तेव्हा पाचवं लक्षण आलं तर इथेही बघा. सोडल्याने रेझोनन्सची जागा किती चुकते? ब्लॉख आणि सीगर्ट यांनी १९४० मध्ये काढलेल्या हिशोबाने Ω²/4ω0. आपल्या आकड्यांत ०.४ हर्ट्झ, तेही ४० कोटी हर्ट्झमध्ये. खुशाल सोडा.

पाचवी तपासणी: फोडणी बरोबर घातली का?

H चे दोन तुकडे कुठे करायचे हे निसर्ग सांगत नाही, आपण ठरवतो. H0 मध्ये जेवढं नेमकं सुटतं तेवढं सगळं जायला हवं. पोरं उलट करतात: पुस्तकात H0 जसा दिसला तसा ठेवतात आणि नवीन आलेलं प्रत्येक पद V मध्ये टाकतात.

एकाने केमिकल शिफ्टचं पद V मध्ये टाकलं होतं. ५ पीपीएम, म्हणजे ४०० मेगाहर्ट्झवर २,००० हर्ट्झ. ऐकायला चिमूटभर. पल्स बंद ठेवून १ मिलिसेकंद थांबलं, तर या पदामुळे प्रत्येक अ‍ॅम्प्लिट्यूडला नुसती 2π ची फेज लागते, म्हणजे काहीच घडत नाही. पण त्याने परटर्बेशनच्या पहिल्या पायरीवर exp(−iφ) च्या जागी 1 − iφ घेतलं. φ = 6.28 असताना त्याचा वर्ग ४० च्या वर जातो. पद σz चंच आहे, H0 शी कम्यूट करतं, आधीच सुटलेलं आहे. ते H0 मध्ये सरकवलं आणि अर्ध्या पानाचं गणित शून्य ओळींत संपलं.

V लहान असून भागत नाही. V गुणिले वेळ भागिले ħ हे लहान हवं. शिरपूरच्या अडीचचं कारणही हेच. रेझोनन्सवर पहिल्या पायरीचं उत्तर (Ωt/2)² येतं. २ मायक्रोसेकंदांना ते ०.०२४७, खरं उत्तर ०.०२४५, म्हणजे झकास. १० मायक्रोसेकंदांना ०.६२, खरं ०.५०. २० मायक्रोसेकंदांना २.४७, खरं १. ढकल तीच, फक्त तो जास्त वेळ थांबला. १० मायक्रोसेकंदांवर अ‍ॅम्प्लिट्यूडचं तिसऱ्या पायरीचं पद जोडलं तर ०.४९७ मिळतं, म्हणजे पद्धत बिघडलेली नाही, ती अर्ध्यावर सोडली होती.

ω हा ω0 पासून दूर असेल तर पहिली पायरी जास्त काळ टिकते, पण तिथे दुसराच सापळा आहे. फरक Δ २५० किलोहर्ट्झ घ्या. पहिल्या पायरीने सर्वात जास्त प्रॉबॅबिलिटी Ω²/Δ² = ०.०१, खरी ०.००९९. मन खूश होतं. पण हेलकाव्याची खरी फ्रीक्वेन्सी √(Ω²+Δ²), म्हणजे २५१.२५ किलोहर्ट्झ, आणि तुमची २५०. तेवढ्याने ४०० मायक्रोसेकंदांवर तुमचा शिखरबिंदू तिथे येतो जिथे खरी प्रॉबॅबिलिटी शून्य आहे. उंची बरोबर असली तरी वेळ तपासा.

सहावी तपासणी: टाइम-ऑर्डरिंग

ही अवघड, म्हणून शेवटी. १ च्या आत राहणारं चुकीचं उत्तर, ते ०.७१, बहुधा इथूनच येतं.

समीकरण दिसायला साधं असतं, म्हणून हात आपोआप लिहून जातो: ψI(t) = exp(−(i/ħ)∫VI dt) ψI(0). VI ही एक संख्या असती तर ते चाललं असतं. पण VI(t₁) आणि VI(t₂) कम्यूट करत नाहीत. आधी पूर्वेकडे कलून मग उत्तरेकडे कलणं आणि उलट क्रमाने कलणं, शेवट वेगळ्या ठिकाणी होतो. इंटिग्रल घेताना सगळ्या ढकली एका पोत्यात भरल्या जातात आणि क्रम हरवतो. म्हणून डायसनच्या १९४९ च्या मांडणीत उशिराची VI नेहमी डावीकडे राहते.

आकड्यांत बघा. Δ = Ω घ्या, दोन्ही २५ किलोहर्ट्झ. खरी कमाल प्रॉबॅबिलिटी Ω²/(Ω²+Δ²) = ०.५. क्रम न पाळता इंटिग्रल एक्स्पोनेन्शियलमध्ये घातला तर sin²((Ω/Δ) sin(Δt/2)) येतं, त्याची कमाल sin²(1) = ०.७१. बेरीज दोन्हीकडे बरोबर १. म्हणून "नॉर्म १ आला, म्हणजे गणित बरोबर" ही तपासणी इथे फसवते. रेझोनन्सवरही चूक दिसत नाही, कारण तिथे VI वेळेनुसार बदलतच नाही. चूक पकडायची तर मुद्दाम रेझोनन्सपासून बाजूला जा.

दुरुस्ती म्हणजे वेळेचे बारीक तुकडे करून एकामागून एक लावणं:

```python
import numpy as np
W = D = 2*np.pi*25e3
N, T = 2000, 40e-6
dt = T/N
c = np.array([1, 0], complex)
pmax = 0
for k in range(N):
    a = np.exp(1j*D*(k + 0.5)*dt)
    V = np.array([[0, a.conj()], [a, 0]])
    c = np.cos(W*dt/2)*c - 1j*np.sin(W*dt/2)*(V @ c)
    pmax = max(pmax, abs(c[1])**2)
print(pmax)
```

०.५ ला चिकटून उत्तर येईल. N = 2000 ही चैनच आहे, २०० मध्येही काम होतं. श्रोडिंगर पिक्चरमध्ये याच ४० मायक्रोसेकंदांत १६,००० गिरक्या आहेत, प्रत्येकीला २० स्टेप धरल्या तरी तीन लाख वीस हजार.

हाताने करायचं असेल तर Δ चं पद H0 मधून V कडे द्या, म्हणजे घोडा ω0 ऐवजी ω ने फिरवा. मग रोटेटिंग वेव्हनंतर VI मध्ये वेळच उरत नाही, क्रमाचा प्रश्न मिटतो, आणि साधा 2×2 मॅट्रिक्सचा एक्स्पोनेन्शियल नेमकं उत्तर देतो. पाचव्या तपासणीत मी "सुटेल ते सगळं H0 मध्ये" म्हणालो आणि इथे उलट सांगतोय, हे मला कळतंय. तिथे ढकल बंद होती. ढकल चालू असताना तिच्या तालावर फिरणारा घोडा सोयीचा.

कधी थांबायचं

इतकं करूनही जुळत नसेल तर पुढचे तीन प्रश्न स्वतःला विचारा. एकाचंही उत्तर "हो" आलं तर वही मिटा आणि त्या विषयात काम करणाऱ्या माणसाकडे जा. रात्र जागून हे सुटणारं नाही.

Ω ही ω0 च्या आसपास पोचली आहे का? मग फडफडणारा भाग सोडता येत नाही आणि वरची बहुतेक सूत्रं निकामी होतात. फ्लोके पद्धत येणारा कुणीतरी लागेल.

प्रोटॉन भोवतालाला ऊर्जा देतोय का किंवा त्याची फेज भोवतालामुळे विस्कटतेय का, म्हणजे T1, T2 तुमच्या मोजमापाच्या वेळेत शिरतात का? मग एका ψI ने भागत नाही, डेन्सिटी मॅट्रिक्स आणि मास्टर इक्वेशन लागतात. तिथेही इंटरॅक्शन पिक्चर वापरतात, पण भोवतालाबद्दलची गृहीतकं कोणती चालतील हे अनुभवी माणसालाच विचारा. मी स्वतः विचारतो.

आणि तुम्ही क्वांटम फील्ड थिअरीत आहात का? तिथे हागचं प्रमेय, १९५५ चं, सांगतं की मुक्त फील्ड आणि परस्परक्रिया करणारं फील्ड एकाच हिल्बर्ट स्पेसमध्ये तशा एक्स्पोनेन्शियलने जोडता येत नाहीत. तरीही लोक त्याच पद्धतीने आकडे काढतात आणि ते प्रयोगाशी जुळतात. का जुळतात हे गाईडला विचारा. मला विचारायला आलात तर मी चहा पाजीन आणि पहिल्या तपासणीपासून पुन्हा सुरुवात करायला लावीन.